फोटॉनचा पुरावा १९०५ चा नव्हे, १९७७ चा

१.
‘आइन्स्टाइनने १९०५ साली प्रकाश-विद्युत परिणामाच्या आधारे प्रकाश कणरूप असल्याचे सिद्ध केले.’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून इतक्या पिढ्यांनी वाचले आहे की ते तपासून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. या धाग्याचे प्रतिपादन असे आहे की त्या वाक्यातील ‘सिद्ध केले’ हे शब्द चुकीचे आहेत. आइन्स्टाइनची कल्पना पुढे खरी ठरली, यात शंका नाही. मात्र दृश्य प्रकाशाच्या बाबतीत तरंगकल्पनेला तोंड लपवायला जागा उरणार नाही असा प्रयोग बहात्तर वर्षांनी, १९७७ साली, अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात झाला. त्या प्रयोगापर्यंतचा प्रवास आणि त्याच्या मर्यादा यांचा हा धागा.

२.
आधी १९०५ कडे पाहू. आइन्स्टाइनने प्रकाशपुंजाची कल्पना मांडली, ती एक संभाव्य दृष्टिकोन म्हणून. धातूवर प्रकाश पडला की बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची कमाल ऊर्जा प्रकाशाच्या वारंवारतेवर अवलंबून असेल, तीव्रतेवर नव्हे, असे सूत्र त्याने दिले. रॉबर्ट मिलिकन यांनी अनेक वर्षे खपून ते सूत्र तपासले आणि १९१६ साली ते अचूक असल्याचे जाहीर केले. गंमत अशी की सूत्र मान्य करूनही प्रकाशपुंज मानायला मिलिकन तेव्हा तयार नव्हते. नोबेल समितीनेही सावध शब्द वापरले. १९२१ चे पारितोषिक आइन्स्टाइनला दिले गेले ते प्रकाश-विद्युत परिणामाच्या ‘नियमाच्या’ शोधाबद्दल. त्या मानपत्रात प्रकाशपुंजाचा उल्लेख नाही. ‘फोटॉन’ हा शब्दच मुळी १९२६ साली गिल्बर्ट लुइस यांनी प्रचारात आणला.

३.
ही सावधगिरी केवळ जुन्या पिढीचा हट्ट होता काय? तसे म्हणता येत नाही. पुंजयामिकी उभी राहताच, १९२६ च्या सुमारास, ग्रेगोर वेंटझेल यांनी असे गणित मांडले की ज्यात अणूतील ऊर्जा-पातळ्या पुंजरूप आहेत, पण प्रकाश मात्र जुन्या पद्धतीचा अखंड तरंग आहे. तरीही प्रकाश-विद्युत परिणामाचे नियम त्यातून निघतात. १९६९ साली विलिस लॅम्ब आणि मार्लन स्कली यांनी हाच मुद्दा पुन्हा ठामपणे मांडला. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकाचाच अर्थ ‘फोटॉनांविना प्रकाश-विद्युत परिणाम’ असा होतो. लॅम्ब हे कोणी हौशी विरोधक नव्हते. १९५५ चे नोबेल त्यांच्याकडे होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: इलेक्ट्रॉन ऊर्जा घोटाघोटाने घेतो, एवढे या परिणामातून दिसते. प्रकाश स्वतः घोटाघोटाने येतो, हे त्यातून दिसत नाही.

४.
यावर सुचणारा सोपा उपाय म्हणजे प्रकाश इतका मंद करायचा की एका वेळी एकच फोटॉन उपकरणात असेल. हे १९०९ सालीच करून झाले होते. केंब्रिजमधील तरुण जी. आय. टेलर यांनी काजळी धरलेल्या काचांतून प्रकाश मंद केला, सुईच्या सावलीचे छायाचित्र घेतले आणि सर्वांत मंद प्रकाशासाठी फोटोची काच सुमारे तीन महिने उघडी ठेवली. सावलीच्या कडेचे पट्टे जसेच्या तसे उमटले. पण या प्रयोगातही एकटा फोटॉन वेगळा काढला गेला होता असे म्हणता येत नाही. मंद म्हणजे सरासरीने कमी. सरासरी कमी असली तरी दोन फोटॉन कधीच एकत्र येणार नाहीत, याची हमी तिच्यात नसते. हा फरक लक्षात ठेवावा. धाग्याच्या उत्तरार्धात तो निर्णायक ठरणार आहे.

५.
मग खरा प्रश्न कसा विचारायचा? एका अर्धपारदर्शक आरशावर प्रकाश टाकावा. निम्मा प्रकाश आरपार जाईल, निम्मा परावर्तित होईल. दोन्ही वाटांवर एकेक डिटेक्टर ठेवावा. आता पाणी आणि नाणे यांचा विचार करावा. घागरीतले पाणी दोन कळश्यांत वाटता येते. कितीही थोडे असले तरी दोन्ही कळश्या एकाच वेळी ओल्या होऊ शकतात. एक नाणे मात्र एका वेळी एकाच खिशात पडते. प्रकाश तरंग असेल तर तो आरशावर वाटला जाईल आणि दोन्ही डिटेक्टर कधी ना कधी एकाच क्षणी ‘टिक’ करतील. तो अविभाज्य पुंज असेल आणि पुंज खरोखर एकेकटे येत असतील, तर दोन टिका एकाच क्षणी होणारच नाहीत. म्हणजे मोजायचे काय, तर एका डिटेक्टरवरील तीव्रतेचा दुसऱ्यावरील तीव्रतेशी असलेला सहसंबंध.

६.
हे उपकरण प्रथम उभे राहिले ते वेगळ्याच कारणासाठी. रॉबर्ट हॅनबरी ब्राउन यांचा जन्म १९१६ साली निलगिरीतील अरुवनकाडू येथे झाला. महायुद्धकाळात त्यांनी रडारवर काम केले आणि नंतर इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथे ते रेडिओ-खगोलशास्त्राकडे वळले. ताऱ्यांचा कोनीय व्यास मोजण्यासाठी दोन दूरच्या ग्राहकांवरील लाटा प्रत्यक्ष जुळवण्याऐवजी केवळ तीव्रतेतील चढउतार जुळतात का, हे पाहावे अशी त्यांची कल्पना होती. गणिताची बाजू रिचर्ड ट्विस यांनी सांभाळली. हीच पद्धत दृश्य प्रकाशाला लागू पडेल का, हे पाहण्यासाठी त्यांनी पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश अर्धपारदर्शक आरशावर टाकला आणि दोन फोटोमल्टिप्लायरांवरील चढउतारांची तुलना केली. १९५६ साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आला: दोन्हीकडचे चढउतार काही अंशी एकमेकांशी जुळतात. म्हणजेच फोटॉन स्वतंत्रपणे न येता थोडेसे घोळक्याने येतात.

७.
यावर खळबळ माजली. एकेक फोटॉन जर एकाच बाजूला जातो, तर दोन्ही बाजूंच्या टिका जुळतील कशा? हंगेरीतील आदाम, यानोशी आणि वर्गा यांना १९५५ साली असा कोणताही सहसंबंध आढळला नव्हता. कॅनडातील ब्रॅनेन आणि फर्ग्युसन यांनी १९५६ मध्ये प्रयोग करून तो आढळत नसल्याचे सांगितले. तो खरा असेल तर पुंजयामिकीच्या मूलभूत कल्पना बदलाव्या लागतील, असेही त्यांनी लिहिले. हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांनी उत्तर दिले ते तत्त्वचर्चेने नव्हे, हिशेबाने. विरोधकांच्या उपकरणांची संवेदनशीलता मांडून त्यांनी दाखविले की ब्रॅनेन-फर्ग्युसन यांना तो परिणाम दिसण्यासाठी सुमारे १,००० वर्षे मोजत बसावे लागले असते. हंगेरीच्या प्रयोगाला लागणारा काळ तर पृथ्वीच्या वयाहूनही मोठा निघाला. ‘आढळले नाही’ आणि ‘अस्तित्वात नाही’ यांतील अंतर दाखविणारे इतके स्वच्छ उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच सापडते.

८.
एडवर्ड पर्सेल यांनी १९५६ मध्येच खुलासा केला की पुंजयामिकीला यात कोणताही धोका नाही. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली दिलेल्या सांख्यिकीनुसार फोटॉनांनी काहीसे एकत्र येणे अपेक्षितच आहे. पुढच्या वर्षी रेब्का आणि पाउंड यांनी स्वतंत्रपणे टिका मोजून निष्कर्षाला दुजोरा दिला. दरम्यान हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांनी लष्करी सर्चलाइटचे दोन आरसे वापरून व्याधाच्या ताऱ्याचा कोनीय व्यास काढलाही होता: सुमारे ०.००६३ विकला. वाद मिटला.

पण इतिहासकाराने इथे थांबून एक गोष्ट नोंदवायला हवी. ज्या परिणामाने पुंजवाद्यांची झोप उडवली, तो समजावून सांगायला फोटॉनांची गरजच नव्हती.

९.
कारण असे. दिव्यात असंख्य अणू आपापल्या मर्जीने प्रकाश टाकत असतात. त्यांचे तरंग कधी एकमेकांना पूरक होतात, कधी मारक. त्यामुळे दिव्याचा प्रकाश अतिसूक्ष्म काळात सतत लुकलुकत असतो. आरसा या लुकलुकीच्या दोन सारख्या प्रती काढतो. प्रकाश उजळतो तेव्हा दोन्ही डिटेक्टर एकदमच अधिक टिका देतात आणि मंदावतो तेव्हा दोन्ही एकदम शांत होतात. झाला सहसंबंध. येथे प्रकाश आदीपासून अंतापर्यंत तरंगच आहे. हॅनबरी ब्राउन हे रेडिओ-अभियंते असल्यामुळे त्यांना ही गोष्ट सहज वाटत होती. फोटॉनांची चित्रे मनात बाळगणाऱ्यांना ती अशक्य वाटली.

१०.
मग तरंगाला अशक्य असे काय आहे? येथे थोडे अंकगणित करावे लागते, पण ते शाळेतले आहे. समजा तीव्रता आळीपाळीने १ आणि ३ होते. सरासरी २, तिचा वर्ग ४. आता प्रत्येक क्षणी दोन्ही डिटेक्टरांवरील तीव्रतांचा गुणाकार घेऊ: १×१ = १ आणि ३×३ = ९; सरासरी ५. पाचाला चाराने भागले की १.२५ मिळतात. तीव्रता स्थिर, म्हणजे सतत २, असेल तर गुणोत्तर नेमके १ येते. तीव्रतेचे कोणतेही आकडे घेतले तरी हे गुणोत्तर १ च्या खाली जात नाही, कारण वर्गांची सरासरी ही सरासरीच्या वर्गाहून कमी असूच शकत नाही. या गुणोत्तराला g⁽²⁾(0) असे लिहितात. तरंगासाठी ते १ किंवा अधिक. एकेकट्या फोटॉनांच्या प्रवाहासाठी मात्र ते ०, कारण दोन्हीकडे एकदम टिक होण्याची शक्यताच नाही.

११.
याच उदाहरणातून दुसरी अट निघते. एका डिटेक्टरची नोंद एक पाऊल उशिरा घेतली तर गुणाकार १×३ आणि ३×१ असे होतात, सरासरी ३. त्याच क्षणाचा गुणाकार ५ होता. म्हणजे चढउतार स्वतःशी सर्वांत जास्त जुळतात ते विलंब शून्य असताना. विलंब वाढला की जुळणी कमी होते किंवा फार तर तेवढीच राहते. तरंगाच्या बाबतीत हा आलेख शून्यापासून वर चढू शकत नाही. तो चढताना दिसला, तर प्रकाश तरंगाच्या हिशेबात बसत नाही. शून्य विलंबापाशी टिकांची जोडी दुर्मीळ आणि थोड्या विलंबानंतर जास्त, या वर्तनालाच ‘अँटिबंचिंग’ म्हणतात: फोटॉन घोळका टाळून, एकमेकांत अंतर राखून येतात.

१२.
ही सीमारेषा सिद्धान्तात आखली गेली १९६३ मध्ये. रॉय ग्लाउबर यांनी प्रकाशाच्या सहसंबंधांचा संपूर्ण पुंजसिद्धान्त मांडला. त्याच वर्षी ई. सी. जी. सुदर्शन यांनी एक महत्त्वाचे निरूपण दिले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही वर्षे काम करून सुदर्शन रॉचेस्टरला गेले होते. त्यांच्या निरूपणानुसार प्रकाशाची कोणतीही अवस्था ही लेझरसारख्या सुसंगत तरंगांचे वजनदार मिश्रण म्हणून लिहिता येते. ही वजने साध्या संभाव्यतेसारखी वागत असतील, तर तो प्रकाश अभिजात, म्हणजे जुन्या तरंगसिद्धान्ताच्या कक्षेतला. वजनांना ऋण व्हावे लागत असेल, तर त्या कक्षेबाहेरचा. अँटिबंचिंग दाखविणारा प्रकाश दुसऱ्या गटात मोडतो. २००५ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा ग्लाउबर यांना मिळाला आणि सुदर्शन यांना वगळले गेले; त्यांनी समितीकडे जाहीर हरकत नोंदवली. त्या वादात काहीही बाजू घेतली, तरी १९६३ पूर्वी ‘अभिजात नसलेला प्रकाश’ या शब्दांना काटेकोर अर्थ नव्हता, ही गोष्ट उरतेच.

१३.
आता असा प्रकाश आणायचा कुठून? दिव्याचा प्रकाश घोळक्याने येतो. लेझरचा प्रकाश स्थिर असतो. त्याचे गुणोत्तर १. गाळण्या लावून दोहोंना कितीही मंद केले तरी हे आकडे बदलत नाहीत. उत्तर सापडले ते एकट्या अणूत. लेझरने उत्तेजित केलेला अणू एक फोटॉन टाकतो आणि खालच्या पातळीवर येतो. त्या क्षणी त्याच्याजवळ टाकायला दुसरा फोटॉन नसतो. तो पुन्हा उत्तेजित व्हावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाच्या बाबतीत उत्तेजित अवस्थेचे सरासरी आयुष्य सुमारे १६ नॅनोसेकंद आहे. म्हणजे खिडकी काही नॅनोसेकंदांचीच, पण मोजता येण्याजोगी. न्यूझीलंडमधील हॉवर्ड कारमायकेल आणि डॅन वॉल्स यांनी १९७६ साली हे भाकीत गणिताने मांडले.

१४.
१९७७ साली रॉचेस्टर येथे लेनर्ड मँडेल यांनी आपले विद्यार्थी जेफ किंबल आणि मारिओ डाजेने यांच्यासह हा प्रयोग केला. निर्वात नळीत सोडियमच्या अणूंची अत्यंत विरळ धार सोडली. तिला काटकोनात लेझरचा किरण छेद देत होता आणि त्या छेदबिंदूचा प्रकाश तिसऱ्या दिशेने सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाने गोळा केला जात होता. धार एवढी विरळ का? कारण भिंगासमोर दोन अणू असतील, तर एकाने फोटॉन टाकल्यावर दुसरा लगेच टाकू शकतो आणि तो जो खळगा शोधायचा आहे तो बुजून जातो. लेझरचा भरकटलेला प्रकाशही हेच नुकसान करतो; काटकोनाची रचना त्यासाठीच. गोळा झालेला प्रकाश अर्धपारदर्शक आरशावरून दोन फोटोमल्टिप्लायरांकडे जाई. एकाची टिक झाली की इलेक्ट्रॉनिक घड्याळ सुरू होई, दुसऱ्याची झाली की बंद. अशा असंख्य अंतरांची वर्गवारी करून आलेख काढला गेला.

१५.
येथे चौकस वाचकाला शंका येईल. एकाच अणूचा प्रकाश एकाच डिटेक्टरने पाहिला असता तर काय बिघडले असते? बिघडले असते ते असे की एक टिक दिल्यावर डिटेक्टर आणि त्यामागचे इलेक्ट्रॉनिक्स स्वतःच काही काळ आंधळे होतात. त्या आंधळेपणामुळे दोन टिकांमध्ये आपोआप अंतर पडते, म्हणजे दिव्याच्या प्रकाशातही खोटे अँटिबंचिंग दिसले असते. उलट कधी कधी फोटोमल्टिप्लायर एका टिकेमागोमाग उगाच दुसरी टिक देतो आणि खोटा घोळका तयार होतो. दोन वेगळे डिटेक्टर असले की एकाचा आंधळेपणा दुसऱ्याला लागत नाही. ताऱ्यांसाठी जन्मलेला हॅनबरी ब्राउन-ट्विस यांचा आराखडा फोटॉनसाठी अपरिहार्य ठरला तो या व्यावहारिक कारणाने.

१६.
निष्कर्ष: शून्य विलंबापाशी टिकांच्या जोड्या सर्वांत कमी होत्या आणि विलंब वाढेल तसा आलेख वर चढत होता. तरंगाला मनाई असलेली हीच चढण.

पण गोष्ट इथे संपवली तर तीही पाठ्यपुस्तकी ठरेल. त्याच वर्षी जेकमन, पाइक, पुसी आणि व्हॉन यांनी आक्षेप घेतला. अणूंची धार विरळ असली तरी अणू ठरावीक अंतराने येत नाहीत. कधी एक, कधी दोन, बहुतेक वेळा एकही नाही. टिक झाली याचाच अर्थ भिंगासमोर बहुधा अणू आहे. तो तिथे असेपर्यंत दुसरी टिक येण्याची शक्यता दीर्घकाळच्या सरासरीहून जास्तच असणार. हे धरून हिशेब केला की शून्य विलंबापाशी आकडा १ च्या खाली जात नाही; तो १ पाशी सुरू होतो, वर चढतो आणि अणू निघून गेल्यावर पुन्हा १ वर येतो.

१७.
म्हणजे आक्षेपाने पुरावा कोसळला काय? नाही, त्याने पुराव्याची जागा नेमकी केली. दोन अटींपैकी पहिली, १ च्या खाली जाण्याची, १९७७ च्या प्रयोगाला निर्विवादपणे ओलांडता आली नाही. दुसरी, चढणीची, ओलांडली गेली, आणि तरंगसिद्धान्त मोडायला तेवढे पुरेसे आहे. रॉचेस्टरच्या गटाने १९७८ मध्ये अणूंच्या संख्येचा आणि त्यांच्या प्रवासकाळाचा परिणाम धरून तपशीलवार विश्लेषण प्रसिद्ध केले. खरा उपाय म्हणजे अणू येणे-जाणेच थांबवणे. १९८७ साली जर्मनीत डीडरिश आणि वाल्थर यांनी विद्युतक्षेत्राच्या सापळ्यात मॅग्नेशियमचा एकच आयन धरून ठेवला, आणि त्याच्या प्रकाशात अँटिबंचिंग अणुसंख्येच्या चढउतारांची भानगड न राहता दिसले.

१८.
त्याच्या एक वर्ष आधी फ्रान्समध्ये फिलिप ग्रँजिए, जेरार रोजे आणि आलँ आस्पे यांनी दुसरी वाट काढली. कॅल्शियमचा उत्तेजित अणू एकापाठोपाठ एक असे दोन फोटॉन टाकतो, पहिला हिरवा आणि दुसरा जांभळा. पहिला दिसला की ९ नॅनोसेकंदांची खिडकी उघडायची आणि दुसऱ्याला आरशावर जाऊ द्यायचे. आता अणू किती आहेत याची चिंता कमी होते, कारण पहिल्या फोटॉनने दुसऱ्याची वर्दी दिलेली असते. जॉन क्लाउझर यांनी १९७४ साली अमेरिकेत अशाच जोड-फोटॉनांचा उपयोग करून तरंगकल्पनेला आव्हान दिले होते. येथे ते अधिक थेट झाले. तरंग असता तर एका मोजणीत दोन्ही बाजूंना एकदम टिका होण्याचे किमान ५० प्रसंग यायला हवे होते. आले ९. गुणोत्तर ०.१८, म्हणजे १ च्या पुष्कळ खाली. शून्य का नाही? कारण खिडकी उघडी असताना एखादा दुसरा अणूही आपला फोटॉन टाकून जातो.

१९.
या गटाने केलेली तुलना आइन्स्टाइन-कथेच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. त्यांनी तेच उपकरण ठेवले आणि अणूंऐवजी प्रकाश देणाऱ्या डायोडच्या स्पंदांना इतके मंद केले की स्पंदामागे सरासरी सुमारे ०.०१ फोटॉन नोंदला जाई. शंभर स्पंदांत एक! याला ‘एकेक फोटॉन’ म्हणायला कोणीही धजावेल. हिशेब मात्र असा: प्रत्येक बाजूला टिक होण्याची शक्यता ०.००५, दोन्ही स्वतंत्र असतील तर एकदम टिक होण्याची शक्यता ०.००५ × ०.००५, म्हणजे ०.००००२५. मोजणीत नेमके तेवढेच प्रसंग आले. गुणोत्तर १. एकत्र टिका दुर्मीळ होत्या खऱ्या, पण तरंगाने जेवढ्या द्यायला हव्या तेवढ्याच होत्या. टेलर यांच्या तीन महिन्यांच्या मंद प्रकाशाची स्थिती हीच होती. मंदपणा आणि एकटेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२०.
या प्रतिपादनावर वजनदार हरकत आहे आणि ती टाळणे योग्य नाही. आर्थर कॉम्प्टन यांनी १९२३ साली क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून चेंडूसारखे उसळतात हे दाखविले. १९२५ मध्ये बोटे आणि गायगर यांनी विखुरलेला क्ष-किरण आणि उडालेला इलेक्ट्रॉन यांच्या नोंदी एकाच वेळी होतात हे मोजले. मग पुरावा १९२५ चाच नव्हे काय? क्ष-किरणांपुरता या प्रयोगांचा जोर मोठा होता, हे मान्य केले पाहिजे. भौतिकशास्त्रज्ञांनी त्यानंतर फोटॉन स्वीकारला तो अविवेकाने नव्हे. पण या प्रयोगांनी प्रत्येक टकरीत ऊर्जा आणि संवेग राखले जातात हे दाखविले. ‘प्रकाशाचा एक पुंज दोन वाटांवर वाटला जात नाही’ हे विधान त्यांनी तपासलेच नाही. दृश्य प्रकाशासाठी ते विधान तपासणारा आणि तरंगाला आकड्यांनी बाहेर ठेवणारा प्रयोग म्हणून १९७७ च्या आधीचा दावेदार शोधायचाच, तर क्लाउझर यांच्या १९७४ पर्यंत मागे जाता येईल. १९०५ पर्यंत नाही.

२१.
उलट टोकाची चूकही होऊ नये. अँटिबंचिंगने प्रकाश म्हणजे उडणाऱ्या गोळ्या असल्याचे सिद्ध होत नाही. ग्रँजिए, रोजे आणि आस्पे यांनी ज्या फोटॉनांना आरशावर वाटले न जाताना पाहिले, त्याच प्रकारच्या फोटॉनांना पुढे दोन वाटांच्या व्यतिकरणमापकात सोडले आणि पट्टे लख्ख उमटले. डिटेक्टरपाशी पुंज अविभाज्य आहे. वाटेवर असताना दोन्ही वाटांचा हिशेब धरावा लागतो. गोळीची प्रतिमा येथे तरंगाच्या प्रतिमेइतकीच अपुरी पडते.

२२.
इतिहासाच्या अभ्यासकाला यातून एक काम मिळते. ‘अमुक साली सिद्ध झाले’ असे वाक्य दिसले की विचारावे: त्या प्रयोगाने पर्यायी स्पष्टीकरणाला नेमका कोणता आकडा गाठू दिला नाही? १९०५ आणि १९१६ च्या बाबतीत उत्तर मिळत नाही. १९५६ च्या बाबतीत उत्तर उलटेच आहे. तरंगाने सगळे आकडे गाठले. १९७७ मध्ये चढता आलेख मिळतो आणि १९८६ मध्ये ५० च्या जागी ९. आइन्स्टाइनचे श्रेय यामुळे कमी होत नाही. सात दशके ज्याला निर्णायक आधार नव्हता असे अनुमान त्याने बरोबर केले होते, आणि ते अनुमानच होते हे लिहिणे हाच त्याचा योग्य गौरव आहे. शाळेच्या पुस्तकात ‘सिद्ध केले’ ऐवजी ‘सुचविले’ छापायला एक शब्द पुरतो. त्याखाली किंबल, डाजेने आणि मँडेल यांची नावे व १९७७ हे साल घालायला आणखी एक ओळ.